थेरपी डॉगवरच्या लिटरेचर रिव्ह्यूचा आराखडा : आधी विचारा, ‘कशाच्या तुलनेत?’

प्रश्न : मी नागपूरला एम.एस्सी. नर्सिंग (बालरोग) करतेय. ‘रुग्णालयात दाखल मुलांसाठी कुत्र्यांच्या मदतीने उपचार’ या विषयावर लिटरेचर रिव्ह्यू लिहायचाय. पेपर बरेच जमवलेत, पण आराखडा जमत नाही. शारीरिक फायदे, मानसिक फायदे, सामाजिक फायदे असे भाग केले, तर गाइड म्हणाल्या, ‘ही यादी झाली, रिव्ह्यू कुठाय?’ भारतातलं तर जवळपास काहीच सापडत नाही. आराखडा कसा करू?

उत्तर :

तुमच्या गाइडचं म्हणणं पटण्यासारखं आहे. ‘फायदे’ असा मथळा एकदा दिला की त्याखाली येणारा प्रत्येक पेपर फायद्याच्या बाजूने बोलायला लागतो. एकाच अभ्यासात मुलांचा आनंद वाढलेला असतो आणि लाळेतल्या कॉर्टिसॉलमध्ये मात्र फरक सापडलेला नसतो. तुमच्या मांडणीत पहिला निष्कर्ष ‘मानसिक फायदे’मध्ये जातो आणि दुसऱ्याला कुठेच जागा उरत नाही. हे तुम्ही मुद्दाम करत नाही, मथळेच तसे आहेत. म्हणून वाक्यं सुधारत बसण्याआधी मथळे बदला.

मी बालरोग नर्सिंग शिकवते आणि प्रबंधांना मार्गदर्शनही करते. या विषयावरचे पेपर पहिल्यांदा वाचणाऱ्याला सगळे एकमेकांना छेद देणारे वाटतात. एक म्हणतो वेदना कमी झाल्या, दुसरा म्हणतो फरक पडला नाही. पण प्रत्येक पेपरला ‘कुत्रा आला नाही त्या मुलांना त्या वेळात काय मिळालं?’ एवढं विचारलं, की बराचसा गोंधळ निवळतो. कोणाला काहीच मिळालं नव्हतं, कोणी पंधरा मिनिटं नुसतं पडून होतं, कोणाला जिगसॉ पझल दिलं होतं, कोणाबरोबर प्रशिक्षित व्यक्ती खेळत होती. माझ्या मते तुमच्या आराखड्याचा कणा हाच प्रश्न असावा. बाकीचे भाग त्याभोवती बसवा.

त्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या ठरवून घ्या. सिनॉप्सिससाठी रिव्ह्यू लिहायचा असेल तर पद्धतशीर शोध घेतलेला वर्णनात्मक आढावा पुरतो. संपूर्ण प्रबंधच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असेल तर पेपर चाळायला दोन माणसं लागतात, प्रोटोकॉल प्रॉस्पेरोवर आधी नोंदवावा लागतो आणि अहवाल प्रिस्मा २०२० च्या २७ मुद्द्यांप्रमाणे द्यावा लागतो. एकटीने केलेल्या कामाला ‘सिस्टिमॅटिक’ म्हणू नका, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही पुढे खरोखर वॉर्डात कुत्रा आणून अभ्यास करणार आहात का. करणार असाल तर सुरक्षिततेचा भाग मोठा लागेल. नसाल तर शेवटचा भाग वेगळा होईल, त्याबद्दल खाली लिहिलंय. मी साधारण पंधरा पानांचा रिव्ह्यू गृहीत धरून सांगते.

पहिला भाग, व्याख्या आणि हद्द : दोन पानं. इतिहासात रमू नका. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याच्या सोबतीने मुलांवर उपचार केल्याचं लिहिलं, तिथून या क्षेत्रातलं औपचारिक लेखन सुरू झालं असं मानतात. एवढी दोन वाक्यं बस. खरी जागा व्याख्यांना द्या. मनुष्य-प्राणी संबंधांवर काम करणाऱ्या आयाहायो या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये श्वेतपत्रिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. ‘थेरपी’ म्हणायचं तर आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकाने ठरवलेलं उद्दिष्ट हवं, योजना हवी आणि प्रगतीची नोंद हवी. स्वयंसेवक कुत्रा घेऊन आला, मुलांनी त्याला कुरवाळलं, चार गप्पा झाल्या, तर ती ‘अ‍ॅक्टिव्हिटी’.

तुमच्याकडच्या पेपरांची शीर्षकं बाजूला ठेवून त्यांचा पद्धतीचा भाग वाचा. नावात थेरपी असलेले बरेच अभ्यास प्रत्यक्षात भेटीचे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीचे निघतील. तुमच्या तक्त्यात यासाठी एक रकाना ठेवा आणि लेखकाने काय नाव दिलंय ते न बघता घडलं काय ते लिहा. हद्दही इथेच आखा. ‘दाखल मुलं’ म्हणजे वॉर्डात भरती असलेली. अपघात विभागात किंवा दाताच्या खुर्चीवर झालेले अभ्यास चांगले असले तरी तिथली भीती तासाभराची असते. वॉर्डातल्या मुलाचा कंटाळा, घराची ओढ, रोजच्या सुया हे वेगळं प्रकरण आहे. ते अभ्यास वगळा, किंवा ठेवायचेच असतील तर वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

दुसरा भाग, शोध कसा घेतला : दीड पान. इथे एक फसगत नेहमी होते. वैद्यकीय विषयांत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचे पेपर नकोत म्हणून विद्यार्थी सवयीने शोधाच्या शेवटी `NOT animals[mh:noexp]` जोडतात. या विषयात ते केलं तर हवे तेच पेपर गळतात, कारण कुत्रा आहे म्हटल्यावर त्या पेपरांना प्राण्यांचाही विषयशब्द लागलेला असतो. गाळायचंच असेल तर `NOT (animals[mh] NOT humans[mh])` असं लिहा. म्हणजे फक्त प्राण्यांवरचे पेपर जातील आणि माणूस व प्राणी दोन्ही असलेले राहतील. दुसरं, नुसतं `canine` टाकलं तर सुळे दातांवरचे पेपर ढिगाने येतात, आणि मुलांच्या दंतचिकित्सेत त्यांची काही कमी नाही. पबमेडसाठी मी सुरुवातीला अशी ओळ देते :

```
("Animal Assisted Therapy"[Mesh] OR "animal-assisted"[tiab]
 OR "pet therapy"[tiab] OR "therapy dog*"[tiab]
 OR "dog-assisted"[tiab] OR "canine visitation"[tiab])
AND
("Child, Hospitalized"[Mesh] OR "Hospitals, Pediatric"[Mesh]
 OR ((child*[tiab] OR pediatric*[tiab] OR paediatric*[tiab])
 AND (hospital*[tiab] OR inpatient*[tiab])))
```

नर्सिंगचे बरेच पेपर सिनाहलमध्ये असतात, तिथेही हाच शोध त्यांच्या शब्दांत घ्या. भारतातलं सापडत नाही म्हणता, तर ते कुठे शोधलं, कोणत्या तारखेला शोधलं आणि कोणते शब्द वापरले, हे लिहून ठेवा. शोधगंगा बघा, भारतीय बालरोग आणि नर्सिंगची नियतकालिकं वेगळी चाळा. ‘भारतात अभ्यास नाहीत’ हे विधान तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. ‘या शोधात सापडले नाहीत’ हे करता येईल, आणि रिव्ह्यूमध्ये तेच वाक्य टिकतं.

तिसरा भाग, पुरावा : सहा पानं. रिव्ह्यूचं खरं वजन इथे आहे. याचे तीन पोटभाग करा : ज्यांत तुलनेला गटच नव्हता, ज्यांत तुलना विश्रांतीशी किंवा नेहमीच्या देखभालीशी होती, आणि ज्यांत तुलना दुसऱ्या एखाद्या उपक्रमाशी होती. प्रत्येकात काय येतं ते थोडं खोलात सांगते.

पहिल्या पोटभागात सोबो आणि सहकाऱ्यांचा २००६ चा अभ्यास येईल. शस्त्रक्रियेनंतरची २५ मुलं, कुत्र्याच्या भेटीआधी आणि भेटीनंतर वेदना विचारल्या, त्या कमी झाल्या. प्राथमिक अभ्यास म्हणून तो ठीक आहे आणि लेखकांनीही त्याला पायलटच म्हटलं आहे. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना वेळ आणि औषध मिळून तशाही उतरतात. भेटीच्या अर्धा तास आधी मुलाला पॅरासिटामॉल मिळालं असेल तर उतार कुत्र्याचा की औषधाचा, हे तुलनेचा गट नसताना सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक पेपरमध्ये वेदनाशामकाच्या वेळेची नोंद आहे का ते शोधा. तुमच्या तक्त्यातला हा रकाना परीक्षकांच्या डोळ्यांत भरेल, कारण नर्सलाच तो सुचतो.

दुसऱ्या पोटभागात ब्राऊन आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास घ्या. ३ ते १७ वर्षांची मुलं, १८ जणांकडे कुत्रा आला, ३९ जण पंधरा मिनिटं शांत बसले. कुत्र्याच्या गटात वेदना चौपट उतरल्या. हे ‘चौपट’ तुम्हाला पुढच्या कितीतरी लेखांत उचललेलं दिसेल. त्याच पोटभागात कॅल्कातेरा आणि सहकाऱ्यांचा इटलीतला २०१५ चा अभ्यास येईल. शस्त्रक्रिया झालेली ४० मुलं, यादृच्छिक वाटप, २० मिनिटांची भेट, आणि तुलना नेहमीच्या देखभालीशी. तिथेही कुत्र्याच्या बाजूने निकाल आहे, आणि वाटप यादृच्छिक असल्याने त्याचं वजन ब्राऊन यांच्यापेक्षा जास्त.

तिसऱ्या पोटभागात चित्र बदलतं. कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ७० मुलांत कुत्र्यांच्या भेटीची तुलना खेळाच्या सत्राशी केली. पालकांच्या मते मूल दोन्हींनंतर आनंदी होतं. निरीक्षकांना मात्र कुत्र्याच्या गटात आनंदाचे हावभाव जास्त दिसले. त्साय आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १५ मुलांना आलटून पालटून कुत्रा आणि पझल दिलं. वरचा रक्तदाब कुत्र्यानंतर जास्त उतरला, पण चिंता आणि वैद्यकीय भीती यांत फरक दिसला नाही. बार्कर आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात ४० मुलं होती आणि तुलना पुन्हा पझलशी. आधी-नंतरच्या बदलात वेदनेचा किंवा चिंतेचा लक्षणीय फरक नाही. फक्त शेवटी मोजलेली चिंता कुत्र्याच्या गटात कमी होती.

आता ब्राऊन आणि बार्कर शेजारी ठेवून परिच्छेद कसा लिहायचा ते दाखवते, कारण यादी आणि रिव्ह्यू यांतला फरक इथेच कळतो. यादी लिहिणारी व्यक्ती असं लिहील : ‘ब्राऊन यांना वेदना कमी झाल्याचं आढळलं. बार्कर यांना फरक आढळला नाही. त्यामुळे निष्कर्ष संमिश्र आहेत.’ या तीन वाक्यांतून वाचकाला काहीच मिळत नाही. मी असं लिहीन : ‘शांत बसण्याशी तुलना केली तेव्हा कुत्र्याच्या भेटीनंतर वेदनेत मोठी घट दिसली, मात्र त्या अभ्यासात गटवाटप यादृच्छिक नव्हतं. पझलशी तुलना आणि यादृच्छिक वाटप असलेल्या अभ्यासात ही घट दिसली नाही. परिणामाचा काही भाग लक्ष दुसरीकडे वळण्याचा असू शकतो, आणि तो इतर उपक्रमांतूनही मिळतो. दोन्ही अभ्यास लहान असल्याने कुत्र्याचा स्वतंत्र वाटा नाकारताही येत नाही.’ यात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर उभं आहे. वाचणाऱ्याला निकालाबरोबर त्याचं कारणही कळतं.

पण ही मांडणी म्हणजे नियम समजून बसू नका. तिला न जुमानणारे दोन अभ्यास मुद्दाम समोर आणा. हिनिक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ९३ मुलांत पझलशीच तुलना केली. चिंता दोन्ही गटांत उतरली, पण कुत्र्याच्या गटात जास्त उतरली. म्हणजे उपक्रमाशी तुलना करूनही फरक दिसला. तिथे वाटप यादृच्छिक नव्हतं, हे सोबत नोंदवा. दुसरा मॅकक्युलो आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा. अमेरिकेतली पाच रुग्णालयं, नुकताच कर्करोग कळलेली १०६ मुलं, यादृच्छिक वाटप, तुलना नेहमीच्या देखभालीशी. माझ्या मांडणीप्रमाणे इथे कुत्र्याच्या बाजूने मोठा फरक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात मुलांची चिंता दोन्ही गटांत सारखीच उतरली. पालकांचा ताण मात्र फक्त कुत्र्याच्या गटात लक्षणीय कमी झाला.

असं का झालं असावं, हे लिहिताना तुमचा रिव्ह्यू नागपूरला येऊन पोचतो. अमेरिकेतल्या मोठ्या बालरुग्णालयात ‘नेहमीची देखभाल’ म्हणजे खेळघर, चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट, कलेचे तास, खाटेशी टीव्ही. आपल्याकडच्या सरकारी बालरोग वॉर्डात नेहमीची देखभाल म्हणजे खाटेवर मूल, शेजारी स्टुलावर आई, तिच्या हातात मोबाइल. कागदावर दोन्हींना नाव एकच आहे. म्हणून तिथे न दिसलेला फरक इथे दिसू शकतो. आणि तितकंच खरं म्हणजे, इथे दिसलेला फरक नुसत्या खेळण्यांच्या पेटीनेही मिळू शकतो. हा परिच्छेद तुम्ही नीट लिहिलात तर ‘भारतातलं काही नाही’ ही अडचण राहत नाही. परदेशातला पुरावा इथे कितपत लागू पडतो, हाच तुमच्या रिव्ह्यूचा प्रश्न होतो.

या भागाच्या शेवटी अर्धं पान आणखी एका गोष्टीला द्या. कुत्रा वॉर्डात एकटा येत नाही. त्याच्यासोबत हसतमुख हँडलर येतो, मुलाला खाटेवरून उठायची परवानगी मिळते, आठवड्याभरात काहीतरी नवं घडतं, आई दहा मिनिटं मोकळी होते. पझलची तुलना यातल्या काही गोष्टींचा हिशेब करते, सगळ्यांचा नाही. तोच हँडलर कुत्र्याशिवाय येऊन तेवढाच वेळ बसला, अशी तुलना कुठल्या पेपरमध्ये आहे का ते शोधा. सापडली तर तो पेपर वर आणा. शिवाय अभ्यासात कोणाला घेतलं आणि कोणाला घेतलंच नाही, हे लक्षात घ्या. कुत्र्याला घाबरणारी, अ‍ॅलर्जी असलेली आणि नको म्हणणारी मुलं बहुतेक अभ्यासांत आधीच बाहेर काढलेली असतात. म्हणजे निष्कर्ष कुत्रा आवडणाऱ्या मुलांपुरते आहेत. आपल्याकडे गल्लीतली कुत्री मागे लागल्याचा अनुभव असलेली मुलं पुष्कळ. काही घरांत कुत्र्याची लाळ अंगाला लागलेली धार्मिक कारणाने चालत नाही. इथे ही गाळणी किती मुलांना बाहेर ठेवेल, ते कोणीतरी मोजायला हवं.

चौथा भाग, काय मोजलं आणि कोणी सांगितलं : दीड पान. हा भाग छोटा ठेवा. मुलाने स्वतः सांगितलेलं, पालकांनी सांगितलेलं, निरीक्षकाला दिसलेलं आणि शरीरात मोजलेलं, अशा चार गोष्टी वेगळ्या करा, कारण त्या नेहमी एका दिशेने जात नाहीत. ब्रॅन्सन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा यादृच्छिक अभ्यास इथे उदाहरण म्हणून चांगला आहे. ४८ मुलांत कुत्र्याच्या गटात आनंदाची भावना जास्त वाढलेली दिसली, पण तो फरक लक्षणीय ठरला नाही, आणि लाळेतल्या कॉर्टिसॉल आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनमध्येही दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. त्यात आणखी एक बारकावा आहे : मुलांचा ताण आणि चिंता सुरुवातीलाच कमी होती. जे आधीच कमी आहे ते आणखी किती उतरणार? प्रत्येक पेपरमध्ये सुरुवातीचे आकडे बघायची सवय लावा. उलट बाजूनेही बघा. एका गटाच्या वेदना सुरुवातीला फार जास्त असतील तर त्या आपोआपही मधल्या पातळीकडे येतात.

आकड्यांचा अर्थ वॉर्डाच्या भाषेत सांगा. वॉन्ग-बेकरच्या चेहऱ्यांच्या पट्टीवर शून्य ते दहामध्ये सहा चेहरे असतात, म्हणजे शेजारच्या दोन चेहऱ्यांत दोन गुणांचं अंतर. सरासरी घट एक गुणाची असेल तर ती अर्ध्या चेहऱ्याइतकी झाली. संख्याशास्त्राने ती लक्षणीय ठरली तरी मुलाला ती जाणवेल का, हे तुम्ही लिहायचं. आणि बहुतेक मोजमापं भेट संपल्याबरोबर घेतलेली आहेत. कुत्रा गेल्यावर संध्याकाळी काय, रात्री झोप कशी लागली, हे कोणी मोजलंय ते शोधून एक वाक्य लिहा.

पाचवा भाग, सुरक्षितता : तीन पानं. हा भाग शेवटच्या दोन ओळींत उरकलेला मला अनेक रिव्ह्यूंत दिसतो. आपल्याकडे तो तसा उरकून चालणार नाही. रुग्णालयातल्या प्राण्यांबद्दल अमेरिकेतल्या शीया या संसर्ग-नियंत्रण संस्थेने २०१५ मध्ये शिफारशी दिल्या, त्या आधारासाठी घ्या. कुत्रा किमान एक वर्षाचा, तब्येत आणि वागणूक तपासलेला, आधीच्या ९० दिवसांत कच्चं मांस न खाल्लेला. भेटीआधी आणि नंतर प्रत्येकाने हात निर्जंतुक करायचे, भेट तासाहून लांबवायची नाही. फ्लॉरेन्सच्या मेयर बालरुग्णालयातल्या २००६ च्या अभ्यासात १३८ मुलांनी कुत्र्यांच्या भेटीत भाग घेतला, त्या काळात रुग्णालयातला संसर्ग वाढला नाही. दुसरीकडे, भेटीला जाणारे कुत्रे रुग्णालयातूनच एमआरएसए आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल घेऊन येऊ शकतात, हे लेफेव्र आणि स्कॉट वीस या संशोधकांच्या कामातून दिसलं आहे. दोन्ही लिहा. जंतू कुत्र्याकडून मुलाकडे येतात तसे एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे कुत्र्याच्या अंगावरून जातात. म्हणून दोन मुलांच्या मध्ये हँडरब हवा.

त्यानंतर दोन गोष्टी लिहा, ज्या परदेशी पेपरांत तुम्हाला आयत्या मिळणार नाहीत. एक रेबीज. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अखंड त्वचेवर कुत्र्याने चाटलं तर तो पहिला वर्ग, लस लागत नाही. तुटलेल्या त्वचेवर किंवा तोंड-डोळ्यांच्या ओल्या भागावर लाळ लागली तर तिसरा वर्ग, म्हणजे लस आणि इम्युनोग्लोब्युलिन. आता वॉर्डातलं मूल डोळ्यांसमोर आणा. हाताला इंट्राकॅथ, काल काढलेल्या सुईची जागा, चिकटपट्टीखाली सोललेली कातडी, तापाने फुटलेले ओठ. प्रशिक्षित कुत्र्याने प्रेमाने हात चाटला तरी ड्युटीवरच्या सिस्टरपुढे वर्ग ठरवायचा प्रश्न उभा राहतो. कुत्र्याच्या लसीचे कागद आधी तपासलेले असले तरी निर्णय घेणारा डॉक्टर कोण आणि नोंद कुठे, हे आधी लिहून ठेवावं लागतं. ‘चाटू द्यायचं नाही, जखम आणि इंट्राकॅथ झाकलेला हवा’ हा नियम शीयासारख्या शिफारशींत संसर्गासाठी येतो. इथे त्याला रेबीजचं कारण जोडलं जातं.

दुसरी गोष्ट विदर्भाची. आपल्या वॉर्डांत सिकलसेलची मुलं वेदनेचे झटके घेऊन पुन्हा पुन्हा भरती होतात. वेदना, कंटाळा आणि वारंवार दाखल होणं, हे सगळं पाहता कुत्र्याच्या भेटीचा अभ्यास त्यांच्यात करावा असं कोणालाही वाटेल. पण या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. कुत्र्याच्या तोंडात नेहमी असणारा कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस हा जंतू प्लीहा काम करत नसलेल्या माणसांत रक्तात पसरून जीवघेणा ठरू शकतो. तो चावण्यातून येतो, क्वचित जखमेवर चाटण्यातूनही. याचा अर्थ या मुलांना वगळाच असा मी काढत नाही. तो निर्णय रक्तरोगतज्ज्ञ आणि संसर्ग समितीचा. पण तुमच्या रिव्ह्यूत ही ओळ नसेल आणि पुढच्या अभ्यासात सिकलसेलची मुलं असतील, तर नैतिक समिती तुम्हाला तिथेच थांबवेल आणि ते योग्यच असेल. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या मुलांबद्दलही असाच परिच्छेद लागेल.

कुत्र्याची बाजूही याच भागात घ्या. जांभया, ओठ चाटणं, मान फिरवणं, हँडलरच्या पायामागे सरकणं ही त्याच्या ताणाची लक्षणं आहेत, थकला म्हणून तो भुंकून सांगत नाही. परदेशातले बहुतेक अभ्यास वातानुकूलित इमारतींतले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, वॉर्डात डेझर्ट कूलर, फरशी तापलेली, रुग्णालयाच्या फाटकापासून वॉर्डापर्यंतचा रस्ता उन्हातला. पाय भाजलेला, धापा टाकणारा कुत्रा मुलाजवळ आणू नये. तो चिडण्याची शक्यता वाढते आणि जोरात धापा टाकताना लाळही उडते. ऋतू आणि वेळ हे निकष म्हणून लिहा.

सहावा भाग, पोकळी आणि तुमचा अभ्यास : एक पान. इथे ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ लिहून थांबू नका. वरच्या पाच भागांतून निघालेली एक नेमकी पोकळी घ्या. वॉर्डात कुत्रा आणायची परवानगी मिळणार असेल तर ती पोकळी तुलनेची आहे : आपल्या वॉर्डात कुत्र्याची भेट, खेळाचं सत्र आणि नेहमीची देखभाल असे तीन गट, औषधाच्या वेळेची नोंद, आणि भेटीनंतर काही तासांनी दुसरं मोजमाप. एम.एस्सी.च्या मुदतीत हे जमणं अवघड आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. नमुना लहान पडेल आणि निकाल पुन्हा ‘फरक आढळला नाही’ असाच येईल.

परवानगी मिळणार नसेल, आणि मला ती शक्यता जास्त वाटते, तर पोकळी स्वीकाराची आहे. दाखल मुलांचे पालक आणि वॉर्डातल्या नर्सेस प्रशिक्षित कुत्र्याची भेट मान्य करतील का? किती मुलांना भीती आहे, किती जण आधी चावा सोसलेले आहेत, किती घरांची धार्मिक हरकत आहे, किती मुलं वैद्यकीय कारणाने वगळावी लागतील? हा सर्वेक्षणाचा अभ्यास तुम्ही एकट्या वेळेत पूर्ण करू शकता. पुढे कोणाला वॉर्डात कुत्रा आणायचा असेल तर त्यांना आधी हेच आकडे लागतील. तुमचा रिव्ह्यू तिथपर्यंत वाचकाला घेऊन गेला तर गाइडना यादीची तक्रार राहणार नाही.

लगेच करायचं काम सांगते. जमवलेल्या पेपरांचा एक तक्ता करा. रकाने : देश आणि वॉर्ड, मुलांचं वय आणि संख्या, थेरपी की अ‍ॅक्टिव्हिटी, भेट किती मिनिटांची, दुसऱ्या गटाला काय मिळालं, वाटप कसं केलं, वेदनाशामकाची नोंद, सुरुवातीचे आकडे, कोणी सांगितलं, कधी मोजलं, कोणाला वगळलं. तक्ता भरताना सगळ्यांत जास्त वेळ ‘दुसऱ्या गटाला काय मिळालं’ या रकान्याला द्या, कारण ते बऱ्याचदा एका अर्ध्या वाक्यात दडलेलं असतं. ते सापडेना तर मूळ लेखकाला ईमेल करा. पत्ता पेपरच्या पहिल्या पानावर असतो आणि विद्यार्थ्यांना बरेच जण उत्तर देतात. कुत्र्याच्या तपासणीच्या निकषांसाठी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या कोणाशी तरी बोलून घ्या. लसीकरण, जंतनाशक आणि वागणुकीची तपासणी इथे प्रत्यक्षात कशी होते हे त्यांना विचारा, आणि पाचवा भाग त्यानंतरच लिहायला घ्या.